दिल्लीत खोली घेताना हवेचाही विचार करा

महोदय,

शिक्षणासाठी, नोकरीसाठी दिल्लीला मुलं पाठवणारी घरं खानदेशात पुष्कळ आहेत. खोली बघताना भाडं, पाणी, मेस, मेट्रो सगळं विचारलं जातं. नोव्हेंबर ते जानेवारीच्या हवेचं मात्र कुणी विचारत नाही.

पहाटेची हवा सर्वांत चांगली, ही आपली सवयीची समजूत तिथं हिवाळ्यात उलटी पडते. रात्री जमीन थंड होते, तिला लागून असलेली हवाही गार होऊन जड होते आणि वरच्या उबदार थराखाली, झाकण ठेवल्यासारखी, अडकून राहते. वारा पडलेला असतो, त्यामुळे गाड्यांचा नि शेकोट्यांचा धूर खालीच साचतो. ऊन तापलं की झाकण उठतं. म्हणून फिरणं, खिडक्या उघडणं, खोली झाडणं हे बहुतेक दिवशी दुपारी दोन ते चारमध्ये उरकावं. बाहेर पडण्यापूर्वी जवळच्या हवामापन केंद्रावरचा पीएम २.५ चा, म्हणजे अतिसूक्ष्म धूलिकणांचा, त्या तासाचा आकडा बघावा. एक्यूआय हा हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक चोवीस तासांच्या सरासरीवरून काढतात, त्यातून आत्ताची हवा कळत नाही.

आता खोली. पंखा बंद करून पेटती उदबत्ती खिडकी-दाराच्या कडांवरून फिरवावी. जिथं धूर हलेल तिथं फट आहे. सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडकीत दोन तावदानांच्या जोडावर ती हमखास सापडते. तिथं फोमची पट्टी लावावी. कूलरसाठी सोडलेली मोकळी चौकट मात्र जाड प्लास्टिकनं पूर्ण बंद करावी, नाहीतर एअर प्युरिफायर घेऊन काही उपयोग नाही.

प्युरिफायरचं गणित सोपं आहे. दहा बाय बाराची, नऊ फूट उंचीची खोली म्हणजे साधारण ३० घनमीटर हवा. ती तासाला पाच वेळा गाळायची तर यंत्राची क्षमता, म्हणजे सीएडीआर, १५० घनमीटर हवी. पण खोक्यावरचा आकडा पूर्ण वेगाचा असतो आणि त्या आवाजात कुणी झोपत नाही. यंत्र रात्री कमी वेगावर चालणार, म्हणून ३०० चं घ्यावं. दारं-खिडक्या लावून तासाभरानंतरही आतला पीएम २.५ चा आकडा बाहेरच्या पाव पटीवर येत नसेल, तर फट राहिली आहे किंवा फिल्टर भरला आहे. मिरचीची फोडणीही त्याच खोलीत दिली तर फिल्टर लवकर भरतो.

बंद खोलीची दुसरी बाजू जास्त गंभीर आहे. दोघं झोपले की सकाळपर्यंत हवा कोंदट होऊन डोकं जड होतं. आतल्या बोळाकडचं दार थोडं उघडं ठेवावं. फिल्टर धूलिकण अडवतो, कार्बन मोनॉक्साइड अडवत नाही, आणि त्या वायूला वासही नसतो. थंडीत खोलीत सिगडी पेटवून झोपणं जिवावर बेततं. मोरीत गॅस गिझर असेल आणि बाहेर उघडणारा झरोका नसेल, तर भाडं कितीही कमी असो, ती खोली घेऊ नये.

– एक वाचक, भुसावळ