मान वर कशी करायची

भावा,

चार महिने झाले, तुझ्या पत्राला उत्तर दिलं नाही. चुकलंच. गुडघा बरा आहे, आईही ठीक. लिहायला बसलो ते एका पोरामुळं. फुटबॉलच्या दहा वर्षांखालच्या बॅचमध्ये आलाय, डावखुरा. तिघांना चुकवून सुटतो आणि चौथ्याच्या पायात बॉल घालवतो. पास नाही म्हणजे नाही.

तू म्हणशील, दोन टचचा नियम लाव, बॉलला दोनदाच पाय लावून सोडायचा. त्यावरनं शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर आपलं केवढं भांडण झालेलं! मी अजून तिथंच आहे. त्या नियमानं पोरगं पास देतं, पण जे त्याला येतं तेच मारलं जातं. नियम उठला की पुन्हा पहिले पाढे. आणि हा स्वार्थी नाही रे. एक अख्खी मॅच मी फक्त त्याचे डोळे बघितले. बॉल पायात आला की मान खाली, ती बॉल जाईपर्यंत. बाजूचा मोकळा गडी त्याला दिसतच नाही, मग "पास दे" म्हणून ओरडून काय होणार?

म्हणून तो आणि एक जोडीदार, समोर एकच डिफेंडर, असं खेळवतोय. वीस मीटर लांब, दहा रुंद जागा, टोकाला दोन कोन ठेवून छोटा गोल. बॉल घेऊन त्यानं सरळ डिफेंडरच्या अंगावर जायचं. डिफेंडर दोन पावलांवर आला की बॉल सोडायचा. आधी सोडला तर डिफेंडर आरामात दुसऱ्याकडं सरकतो, उशीर झाला तर बॉल त्याच्याच पायाला लागतो. आणि डिफेंडर दुसऱ्यालाच धरून राहिला, तर पास द्यायचा नाही, स्वतः घुसायचं. ही मुभा आहे म्हणूनच तो मान वर करायला लागलाय. ठरवायचं तर बघावं लागतं ना.

सुरुवातीला प्रत्येक पासला गुण ठेवला, तर पठ्ठ्या उगाच मागं पास देऊन गुण गोळा करायला लागला. आता पासवरनं गोल झाला तरच दोन, एकट्यानं मारला तर एक.

बाकीच्या पोरांचंही चुकतंच. बॉल येणार नाही हे धरून ती डिफेंडरच्या आडच उभी राहतात. तिथं तो देणार कसा? त्यांना आडोशातनं बाहेर, त्याला दिसेल असं तिरकं पळायला शिकवतोय.

शनिवारी त्यानं मान वर केली, बघितलं, अगदी वेळेवर दिला. ज्याला दिला त्यानं बाहेर मारला. पोरानं माझ्याकडं बघितलं. "पास बरोबर होता!" म्हणून मी ओरडलो, तरी पुढचे दोन बॉल त्यानं एकट्यानंच नेले. एका पोराच्या हुकलेल्या शॉटनं तीन आठवड्यांचं काम मागं गेलं.

आता वाटतंय, आठवड्यातनं एक दिवस त्याला बारा वर्षांखालच्या पोरांत घालावं. तिथं नुसत्या पायांवर निभणार नाही. पण धक्के खाऊन ड्रिबलच सोडून दिला तर? तू मोठ्या पोरांना शिकवतोस, तुझं काय मत? भांडायचं असलं तरी लिही.

बदलीचं काय झालं? वहिनींना नमस्कार, धाकटीचे दात आले का?

तुझाच