अफवांवर विश्वास ठेवू नका म्हणता, मग खरं काय ते पण छापा

संपादक साहेब,

कालच्या अंकात माहिती कार्यालयाच्या हवाल्याने बातमी वाचली, 'लाडकी बहीण योजनेबाबतच्या अफवांवर विश्वास ठेवू नये'. पुन्हा पुन्हा वाचली. कोणती अफवा ते लिहिलेलं नाही, आणि ती खोटी असेल तर खरं काय तेही नाही. मंत्री महोदयांचं आवाहन आणि फोटो मात्र व्यवस्थित आहे, त्याबद्दल आभार.

आमच्या गल्लीतल्या एका मावशींचं सांगतो. ऑगस्ट 2024 मध्ये रक्षाबंधनाच्या तोंडावर दोन महिन्यांचे मिळून 3000 रुपये जमा व्हायला लागले, घराघरात मोबाईल वाजत होते, ह्यांचा काही वाजेना. अर्ज मंजूर झाल्याचा मेसेज आलेला, फॉर्मवर पासबुकाचा नंबर बरोबर. मग काय, गल्ली सुरू. कोण म्हणे ह्या बँकेत पैसे येतच नाहीत, दुसरीकडे खातं उघडा, कोण म्हणे घरात ट्रॅक्टर आहे म्हणून नाव कापलं. अहो, चारचाकीच्या अटीतून ट्रॅक्टर वगळलाय हे जीआरमध्येच आहे, पण जीआर वाचतंय कोण, आणि वाचायचा म्हटलं तर ती भाषा!

मावशी बँकेत गेल्या, काउंटरवरच्या साहेबांनी सांगितलं, आधार लिंक आहे, आमच्याकडून सगळं ओके. ते खोटं बोलले नाहीत. पण बँकेच्या केवायसीत आधार नंबर असणं वेगळं आणि सरकारी पैसे त्या बँकेत येण्यासाठी सीडिंग झालेलं असणं वेगळं. सरकार हे पैसे फॉर्मवरच्या खाते नंबरावर नाही, आधार नंबरावर पाठवतं. आणि कुठल्या आधारचे पैसे कुठल्या बँकेत टाकायचे त्याची यादी एनपीसीआय ह्या बँकांमधली देवाणघेवाण चालवणाऱ्या संस्थेकडे असते, त्यात एका आधारला एकच बँक, सगळ्यात शेवटी जिथे संमतीची सही दिली ती. मावशींनी बऱ्याच वर्षांपूर्वी बचत गटाच्या कर्जासाठी दुसऱ्या बँकेत खातं काढलं होतं, तिथे सही करून मोकळ्या झाल्या होत्या. पैसे बिचारे तिथे वेळेवर पडत होते, पण त्या खात्याला जोडलेलं सिम कधीच बंद झालं होतं, म्हणून मेसेज नाही.

हे शोधलं कुणी, तर सेतू केंद्रातल्या एका पोराने. आधारच्या वेबसाईटवर लॉगिन करून 'बँक सीडिंग स्टेटस' बघितलं, तिथे बँकेचं नाव येतं, खाते नंबर येत नाही, पण तेवढं पुरतं. ओटीपी मात्र आधारला जोडलेल्या मोबाईलवर येतो, तो नंबर बंद असेल तर आधी आधार केंद्रात जाऊन नंबर बदलायचा, मग पुढचं. बँक बदलायची असेल तर आपलं खातं असलेल्या हव्या त्या बँकेत डीबीटीसाठी सीडिंगचा संमती फॉर्म द्यायचा, नवीन खातं वगैरे काढायची गरज नाही.

संपलं. एवढ्याच ओळी प्रेसनोटमध्ये असत्या तर आमच्या गल्लीतली निम्मी अफवा जन्मालाच आली नसती. पण प्रेसनोटमध्ये काय, तर 'आधार संलग्न बँक खात्यात लाभ जमा', आणि खाली कार्यक्रमाला कोण कोण उपस्थित होते त्याची यादी. तीच नोट जिल्हा कार्यालयातून पत्रकारांच्या ग्रुपवर पडते आणि तुमच्याकडे जशीच्या तशी छापून येते. लोक ज्यांना विचारतात त्या अंगणवाडी ताईंना तेच पेपरमध्ये वाचून कळतं, आणि ताईंना पडलेले प्रश्न वर मंत्रालयात कुणी नेत नाही.

ई-केवायसीचं पण तेच. सप्टेंबर 2025 मध्ये काढलं, नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारवर ओटीपी हवा म्हणाले. ज्या बाईचा नवरा वारलाय आणि वडीलही नाहीत, तिने ओटीपी कुणाकडून आणायचा? हा प्रश्न आमच्या अंगणवाडीत लगेच विचारला गेला, मृत्यू दाखला वगैरे द्यायचा हे उत्तर यायला नोव्हेंबर उजाडला, तेव्हाच मुदत 31 डिसेंबर केली. मधल्या काळात 'विधवांची नावं कापणार' असं फिरत होतं. ह्याला अफवा म्हणायचं तर म्हणा, मी तर म्हणेन उत्तर नव्हतं म्हणून लोकांनी स्वतः बनवलं.

जाता जाता तुमच्याबद्दल पण. तुमच्या मोबाईल ॲपवर काल संध्याकाळी मथळा होता, 'लाडक्या बहिणींनो, हे काम आजच करा नाहीतर हप्ता बंद'. उघडून बघितलं तर आत जाहिराती आणि सगळ्यात खाली तीच जुनी मुदत. पान तीनवर अफवांवर विश्वास ठेवू नका छापायचं आणि ॲपवर हे, तेवढं जरा बघा. आणि ते सीडिंग कसं तपासायचं ते एकदा चौकटीत छापा, फोटो कुणाचा नसला तरी चालेल.

आपला,
एक जुना वर्गणीदार, कराड