स्टुडिओत मी एकटीच

बडोदा, रविवार दुपार

अगं सायले,

इतके दिवस गप्प होते म्हणून शिव्या घालायच्या तर घाल, पण आधी हे वाच. आईचा गुडघा बरा, बाबा मजेत, झालं.

दिल्लीच्या एका प्रकाशनाची मेल आली, मुलांचं ३२ पानी पुस्तक आहे. आणि शेवटी काय विचारलंय, तर तुमच्या टीममध्ये माकडं काढणारे जे कोण आहेत त्यांचंच काम वेगळं पाठवाल का! टीम म्हणे. दांडिया बाजारातल्या खोलीत मी, टेबल आणि कुलर. नावापुढे स्टुडिओ लावू नको म्हणून तू सूरसागर तलावाच्या काठावर केवढी भांडली होतीस, हसू नको आता.

पण नुसत्या नावाचा दोष नाही गं. साइटवर वॉटरकलरचं माकड, त्याखाली बँकेच्या जाहिरातीतली सपाट व्हेक्टर माणसं, मग वारली टाइप लग्नपत्रिका, मग हुबेहूब पोर्ट्रेट. मला वाटायचं, बघा सगळं येतं हिला. संपादकबाईंना मात्र काम दिल्यावर यातलं नेमकं काय हातात पडेल ते कळेना. त्यांना ते माकड तिसऱ्या पानावर आणि एकोणतिसाव्या पानावर तेच माकड वाटायला हवंय.

मग सगळी चित्रं टपालतिकिटाएवढी करून एका पानावर लावली, सही झाकली, रंगही काढून टाकले. तरीही जी एकाच हातची वाटली ती ठेवली, अर्ध्याच्या वर उडाली. राहिली त्यांत रेघ सुरुवातीला जाड आणि शेवटी तुटलेली, डोळे म्हणजे दोन ठिपके, पायाखाली जमीनच नाही. हे तीन आणि चार-पाच रंग कायम, बाकी विषय कुठलाही, कागद का टॅबलेट तेही काही का असेना. माझा लाडका पोपटी बाद, स्क्रीनवर झगमगतो आणि सीएमवायकेत छापला की शेवाळ. लोगो करतच नाहीये, लोगो बघून कोण चित्र काढायला देतं? बँकवाली कामं घेणार, भाडं त्यावरच निघतं, पण दाखवणार नाही, कारण जे दाखवावं तसलंच काम परत येतं.

आता अडलंय नावावर. स्टुडिओ जाणार, नुसतं नाव-आडनाव राहणार. आपण ऋचा आर-यूनं लिहितो, दिल्लीवाले आर-आयनं, पण पॅनवर आणि बँकेत आर-यू आहे म्हणून साइट, मेल, सही, बिल सगळीकडे तेच, आर-आयवालं डोमेन फक्त घेऊन इकडे वळवायचं. आणि आडनाव? नीलेशच्या आईंनी गृहीतच धरलंय की डिसेंबरनंतर ते बदलणार. पुस्तकावर एकदा छापलेलं नाव बदललं की जुनी पुस्तकं कुणाची हे सांगत बसायचं, तू नाही का तुझ्या पेपरांचं करतेस. त्यांना हे कसं सांगू? कागदोपत्री काय ते बघू, चित्रावर जुनंच, असं म्हटलं तर चिडतील का? तू तुझ्या सासूबाईंना काय म्हणाली होतीस ते शब्दशः लिही.

चिकूचे दात आले का? पुण्यातलं नवीन घर पाहायचंय. मेलला उद्या उत्तर द्यायचंय, तर आज रात्रीच फोन कर.

तुझी,
ऋचा