'जातो' आणि 'गेला'

महोदय,

'गो'चे भूतकाळी रूप 'वेन्ट' कसे, असे मुले विचारतात तेव्हा 'पाठ कर' एवढेच उत्तर मिळते. मला हे खटकते, कारण उत्तर मराठीतच आहे. 'जातो' संस्कृत 'या' धातूच्या 'याति'पासून आले आणि 'गेला' 'गम्'च्या 'गत'पासून. दोन धातू, पण आपल्या मनात क्रियापद एकच.

'वेन्ट' मुळात 'वेन्ड' (वळणे, मार्गक्रमण करणे) या वेगळ्या क्रियापदाचे. 'गो'चे जुने भूतकाळी रूप मागे पडले आणि पंधराव्या शतकापर्यंत बहुतेक इंग्रजीत 'वेन्ट'ने ती जागा घेतली. मग 'वेन्ड'ने स्वतःसाठी 'वेन्डेड' हे नियमित रूप घडवले.

हे टिकण्याचे कारणही इथेच दिसते. 'वेन्ट' दिवसातून कितीदा तरी कानावर पडते, म्हणून ते आयतेच आठवते. 'वेन्ड' क्वचित वापरात. त्याचे खास रूप पक्के राहत नाही, मग बोलणारा सर्वसाधारण नियम लावतो. लहान मूल 'वेन्ट'ऐवजी 'गोएड' म्हणते तेही नियम कळल्यामुळेच. कृपया त्याला चूक म्हणून रागावू नये. 'वेन्ट' पुरेसे ऐकले की ते आपोआप सुधारते.

– एक भाषाशिक्षक