बाबा, उशीर तुमच्या फोनमुळे झाला नाही

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

पुस्तकं मिळाली. चारही मिळाली आणि नीट आहेत. दुसरी गोष्ट आत्ताच सांगून टाकते, म्हणजे आईचा जीव टांगणीला नको: येळवशीच्या सणाला मी येत नाहीये. राज्यसेवेची पूर्वपरीक्षा याच वेळी देणार आहे, पुढच्या वर्षावर ढकलणार नाही. आई, रागावू नकोस. भज्जी, आंबील, उंडे सगळं मला इथं बसल्याजागी दिसतंय. पण शेतात दिवसभर राहून, रात्री मुक्काम करून परत आले की दोन दिवस मोडतात, आणि आधीच गेलेले दिवस मला भरून काढायचेत.

त्या गेलेल्या दिवसांचंच लिहायला बसले. काल फोनवर बाबा म्हणाले, "माझा फोन लागला नाही, माझ्यामुळं तुझा आठवडा वाया गेला." रेंज गेली आणि मला उत्तर देता आलं नाही. रात्रभर ते वाक्य डोक्यात होतं. बाबा, तसं झालेलं नाही. कसं झालं ते वारानुसार सांगते, म्हणजे तुमची खात्री पटेल.

रविवारी रात्री तुम्ही तुरीच्या पैशातून ऑर्डरचे पैसे भरलेत. सोमवारी दुपारी माल पाठवल्याचा मेसेज आला आणि आपण धरून चाललो की पार्सल निघालं. खरं तर त्या दिवशी पार्सलवर चिकटवायचं लेबल तेवढं निघालं होतं आणि त्याला नंबर पडला होता. पुस्तकं विकणाऱ्याच्या गोदामातच होती. हे मला नंतर कळलं. कुरिअरच्या साइटवर तो नंबर टाकला की खाली एकेक ओळ दिसते, पार्सल कुठं आणि किती वाजता स्कॅन झालं याची. सोमवारच्या ओळीनंतर गुरुवारी रात्रीपर्यंत तिथं काहीच नव्हतं. पहिली खरी नोंद गुरुवारची, भिवंडीहून उचलल्याची. म्हणजे सोलापूरचा रस्ता धरायच्या आधीच निम्मा आठवडा गेला होता. तेव्हा तुमच्या फोनचा काय संबंध?

शनिवारी सकाळी 'सोलापूरला पोचलं' अशी ओळ आली. मी दिवसभर खालच्या जिन्यावर पुस्तक घेऊन बसले, प्रत्येक दुचाकीच्या आवाजाला मान वर करत. कोणी आलं नाही. रविवारीही नाही. सोमवारी मी स्वतः त्यांच्या गोदामात गेले. तिथल्या मुलानं पोत्यांचा ढीग दाखवला. छोटी पार्सलं मोठ्या पोत्यात भरून, तोंडाला सील लावून येतात. पोतं उतरवलं की पोत्याचा एकच स्कॅन होतो, आणि आतल्या सगळ्या पार्सलांपुढं 'पोचलं' असं उमटतं. एकेक पार्सल हातात येतं ते पोतं फोडल्यावर. माझं पोतं शनिवारपासून तिथंच न फोडलेलं पडलं होतं, कारण माल जास्त आणि माणसं कमी. तो मुलगा बिचारा घामानं निथळत होता, त्याला मी काय बोलणार? आता मला कळतं, नुसतं 'पोचलं' दिसलं तर वाट बघायची नाही. 'वाटपासाठी निघालं' ही ओळ आली तरच त्या दिवशी घरी थांबायचं.

तुमच्या फोनचा संबंध येतो तो मंगळवारी, आणि फक्त मंगळवारी. खातं तुमच्या नंबरवर, म्हणून लेबलवर नंबर तुमचा. पार्सल आणणाऱ्यानं संध्याकाळी तुम्हाला लावला, तुम्ही ओढ्याकडच्या रानात पाणी देत होता. तिथं कधी रेंज येते का? त्यानं 'ग्राहकाशी संपर्क नाही' असं नोंदवलं. असे प्रयत्न काही वेळा फसले की पार्सल उलट विकणाऱ्याकडं जातं, म्हणून मी लगेच त्यांच्या ग्राहक सेवेला फोन करून माझा नंबर दिला. बुधवारी सकाळी तो दारात हजर. एक रात्र, बाबा. तीही तुम्ही ज्या कामासाठी रानात होता, त्याच कामातून ही पुस्तकं आली आहेत.

तुम्ही म्हणालात तक्रार करू. केली आहे, पुस्तकं मागवली त्या साइटच्या तक्रार अधिकाऱ्याकडं. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे 48 तासांत पोच द्यावी लागते, ती आली. उत्तर महिन्याभरात द्यायचं असतं. तुम्ही त्यासाठी एसटीनं सोलापूरला येऊ नका. गुडघा बरा होईपर्यंत तर नकोच.

पुस्तकं उघडताना मी फार सावकाश उघडली. वरच्या पुस्तकाचा एक कोपरा दबलाय, बाकी ठीक. भूगोलातले नकाशे आधी पाहिले, कारण नकली छपाईत नद्यांच्या रेघा फिसकटतात आणि गावांची नावं वाचता येत नाहीत. मग पानांचे आकडे शेवटपर्यंत तपासले. बांधणीत पानांचा एखादा गठ्ठा, फॉर्म म्हणतात तो, राहिला तर सोळाच्या सोळा पानं एकदम गायब होतात, आणि ते कळतं नेमकं परीक्षेच्या तोंडावर. सगळी पानं आहेत. मला पहिलीत पाटी आणली होती तेव्हा बाबांनी तिच्या चारी कडांवरून बोट फिरवून पाहिलं होतं, ते तेव्हा आठवलं.

मधले दिवस रिकामे गेले नाहीत, हेही ऐका. बालभारतीची अकरावीची भूगोलाची आणि अर्थशास्त्राची पुस्तकं त्यांच्या साइटवर फुकट मिळतात, ती मोबाईलवर वाचली. हिराचंद नेमचंद वाचनालयातही जाऊन बसले. अडलं ते फक्त सरावाचं, कारण जुन्या प्रश्नपत्रिकांचं पुस्तक त्याच पार्सलमध्ये होतं. सामान्य अध्ययनाच्या पेपरला दोन तासांत शंभर प्रश्न असतात आणि चुकलेल्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांच्या पाव हिश्श्याएवढे गुण कापतात. कुठला प्रश्न सोडून द्यायचा हे घड्याळ लावून सोडवल्याशिवाय हाताला लागत नाही. दुसऱ्या पेपरात 33 टक्के मिळाले की पुरे, त्याचं मला भय नाही. म्हणून उरलेला सगळा वेळ पहिल्या पेपराला देते. एवढं असताना परीक्षा सोडून दिली तर माझंच मन मला खाईल.

खाण्यापिण्याची काळजी करू नका. मेसला ज्वारीची भाकरी रोज मिळते. शेंगाचटणी अजून अर्धी बरणी आहे. खोलीत थंडी वाजत नाही, आईनं दिलेली गोधडी दुहेरी करून घेते. झोप होते. डोळे दुखत नाहीत.

आता माझं ऐकायचं. बाबा, रक्तदाबाची गोळी सकाळी न्याहारीनंतर, आठवण राहिली तेव्हा नव्हे. गोळ्या संपायच्या आधी आणायच्या. आणि फोनवर 'तुमच्या पार्सलचा पत्ता अपुरा आहे, पाच रुपये भरा' असा मेसेज आला तर त्यातल्या लिंकवर बोट लावू नका. आपलं पार्सल आलंय, दुसरं काही मागवलेलं नाही. ओटीपी कोणालाच सांगायचा नाही, माझं नाव घेऊन मागितला तरी नाही. खात्यात माझा नंबर कसा घालायचा ते दाद्याला सांगितलंय, तो रविवारी येऊन करून देईल.

आई, येळवशीचा डबा एसटीच्या कंडक्टरजवळ देऊ नकोस, आंबील सांडेल. उंडे तेवढे दाद्याबरोबर पाठव. आणि पांडवांची पूजा करताना माझ्या नावानं एक हरभऱ्याचा डहाळा ठेव.

तुमची,
छकुली