दोन वर्षांच्या लंगोटांचा हिशेब

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. आपल्या रविवार पुरवणीत कापडी डायपरवर लेख आला होता. त्यात ‘शून्य कचरा, शून्य खर्च’ असं वाचलं आणि हसू आलं. लिहिणाऱ्यांनी ते धुतलेले दिसत नाहीत. मी धुतले आहेत. नात झाली तेव्हा मी नुकताच निवृत्त झालो होतो. सून कामावर रुजू झाली, कामवाल्या बाईंनी लंगोटांना हात लावायला साफ नकार दिला आणि खातं माझ्याकडे आलं. जन्म लेखा विभागात गेल्यामुळे वहीही आपसूक सुरू झाली.

आम्ही दिवसा कापडी आणि रात्री एक विकतचं अशी विभागणी ठेवली होती. पहिले काही महिने जास्त आणि नंतर कमी, असं धरून दिवसाला सरासरी सहा बदल झाले. सगळी विकतची वापरली असती तर दोन वर्षांत 4,380 नग लागले असते. नगाला 11 रुपये धरले तर 48 हजारांच्या आसपास. आमच्या पद्धतीत 20 कापडी डायपर (साडेतीनशेला एक), दोन डझन साधे सुती लंगोट, साबण, वीज, पाणी आणि रात्रीची विकतची मिळून 27 हजार झाले. म्हणजे 21 हजार वाचले, पण शून्य खर्च नक्कीच नाही.

पाण्याचं सांगतो. एक दिवसाआड मशीन लावायचो. त्याआधी शी जेटने संडासातच धुऊन टाकायची आणि एकदा गार पाण्यातून काढायचं. समोरून उघडणाऱ्या मशीनचे साठ आणि हे वरचे वीस, असे एका वेळेला 80 लिटर. दोन वर्षांचे झाले 29 हजार लिटर, म्हणजे 10 हजारांचे तीन टँकर. आमची सोसायटी उन्हाळ्यात टँकरवरच असते, त्यामुळे हा आकडा मला टोचतो. वरून भरायच्या मशीनला तर याहून बरंच जास्त पाणी लागतं.

साबणाने मात्र चांगलंच रडवलं. दर वेळी 40 ग्रॅमच्या हिशेबाने सुमारे 15 किलो पावडर लागली. पहिल्या पावसाळ्यात कपडे मऊ राहावेत म्हणून सौ.ने सॉफ्टनर घालायला सुरुवात केली. पंधरा दिवसांत डायपरमधल्या धुतलेल्या घड्यांना, ओल्या झाल्या की डोळ्यांत जाणारा अमोनियाचा वास यायला लागला आणि पोरीचं ढुंगण लालबुंद झालं. धुतलेल्या घडीवर पाण्याचा थेंब टाकून पाहिला, तर तो अळवावरच्यासारखा वरच थरथरत राहिला. सॉफ्टनरचा थर बसला की कापड पाणी शोषतच नाही. दुसरी घडी नुसत्या गरम पाण्यात ढवळली तर फेस आला, म्हणजे साबणही आत अडकलेला. मग बिनसाबणाच्या गरम पाण्यात तीन-चार वेळा, फेस येणं थांबेपर्यंत धुतलं आणि सॉफ्टनर कायमचा बंद केला. तेव्हा वासही गेला आणि अंगही निवळलं.

त्याच पावसाळ्यात दुसरी गोष्ट कळली. कापडी डायपरमधली शिवलेली जाड घडी घरात वाळायला दोन दिवस घेते, तर आपला जुना एकेरी लंगोट पंख्याखाली रात्रीत वाळतो. पुढे आम्ही डायपरच्या खिशात लंगोटच घडी करून घालू लागलो.

ब्रिटनच्या पर्यावरण विभागाने 2008 साली अडीच वर्षांच्या वापराचा हिशेब मांडला होता. त्यात एका बाळामागे सरासरीने विकतच्यांचं कार्बन उत्सर्जन 550 किलो आणि कापडींचं 570 किलो आलं. मशीन पूर्ण भरून धुतलं, दोरीवर वाळवलं आणि तेच डायपर दुसऱ्या बाळालाही वापरले, तर कापडींचा आकडा बराच खाली येतो. तेव्हा कापडाइतकंच धुण्यालाही महत्त्व आहे.

कचऱ्यात मात्र कापड निर्विवाद सरस. स्वयंपाकघरातल्या काट्यावर (सौ.ची क्षमा मागून) रात्रीचं भरलेलं डायपर 290 ग्रॅम भरलं, दिवसाचं साधारण दीडशे. त्या हिशेबाने दोन वर्षांत साडेसातशे किलो कचरा झाला असता, आमचा झाला 210. तोही आम्ही कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढून वेगळा देत होतो. पुण्यात ‘स्वच्छ’ या संस्थेच्या कचरावेचकांनी हे मागितलं ते उगाच नाही. त्यांना ती पुडी हाताने वेगळी काढावी लागते.

वहीत एक रकाना मात्र रिकामा राहिला. एक दिवसाआड चाळीस मिनिटं, म्हणजे दोन वर्षांत 240 तासांहून जास्त. त्याचे पैसे मी लावले नाहीत, कारण मी निवृत्त आहे. नोकरी करणाऱ्या सुनेने किंवा बाईंनी ते केलं असतं, तर 21 हजारांतलं किती उरलं असतं?

वीसपैकी सहा डायपरांचं इलॅस्टिक गेलं आहे, बाकी चौदा धड आहेत. लंगोट सगळे शाबूत. ऑक्टोबरात मुलीचं बाळंतपण आहे, तेव्हा काल सगळे एकदा उन्हात घातले.

आपला,
एक आजोबा, पुणे