मंत्रीसाहेब, प्लांटमधला बदल कागदावर आणा, आणि माणसं कमी करणं हाही बदलच समजा

मा. कामगार मंत्री, महाराष्ट्र राज्य यांना,

सप्रेम नमस्कार. मी कोकणातल्या एका एमआयडीसीत केमिकल प्लांटला शिफ्ट इंचार्ज आहे, बरीच वर्षं याच कामात गेली. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय तुमच्या खात्याखाली येतं म्हणून हे तुम्हालाच लिहितोय. हेल्मेट, सेफ्टी शूज, फायर एक्स्टिंग्विशर हे सगळं इन्स्पेक्शनला बघितलं जातं आणि बघायलाच पाहिजे, पण गेल्या वर्षभरात या प्लांटमध्ये काय काय बदललं आणि ते बदलायच्या आधी कोणी बसून विचार केला होता का, हे फारसं कोणी विचारत नाही. आमच्याकडे याला एमओसी म्हणतात, मॅनेजमेंट ऑफ चेंज. पंप, पाइप, केमिकल, टेंपरेचर, रेसिपी, माणसं, यातलं काहीही बदलायचं तर आधी लिहायचं, तपासायचं, सही घ्यायची, लोकांना शिकवायचं आणि मगच चालू करायचं, एवढंच ते आहे. त्याच मेकचा, त्याच स्पेकचा पार्ट जसाच्या तसा बसवला तर यातलं काही लागत नाही, बाकी सगळ्याला लागतं.

भोपाळबद्दल सगळे बोलतात पण तिथला एक भाग कमी बोलला जातो. 610 नंबरच्या टाकीत 40 टनांच्या वर मिथाइल आयसोसायनेट, म्हणजे एमआयसी हे विषारी केमिकल होतं, ते शून्याच्या आसपास थंड ठेवायचं असं डिझाइन होतं आणि त्यासाठी रेफ्रिजरेशन युनिट होतं. जून 1984 मध्ये ते युनिट बंद केलं. आता बघा, टाकीचा हाय टेंपरेचर अलार्म 11 डिग्रीला सेट होता, रेफ्रिजरेशन गेल्यावर टाकी नेहमीच त्याच्या वर राहायला लागली, म्हणजे तो अलार्म बिनकामाचा झाला. एक मशीन बंद केलं आणि दुसरीकडचं संरक्षण आपोआप मेलं. बंद करायच्या आधी कोणी नुसतं एवढं लिहून काढलं असतं की या युनिटवर अजून काय काय अवलंबून आहे, तर अलार्म पहिल्याच ओळीत आला असता. त्याच वर्षी टाक्यांमधला गॅस बाहेर नेणारे दोन मुख्य पाइप, म्हणजे व्हेंट हेडर, जोडणारी जम्पर लाइन टाकली होती, आणि गॅस जाळून टाकणाऱ्या फ्लेअरकडे जाणारा पाइप बदलायला काढला होता तो डिसेंबरपर्यंत बसलाच नव्हता. टाकीत पाणी शिरलं आणि गॅस सुटला, ते पाणी गेलं कसं यावर वाद आहेत, तो विषय वेगळा.

आणि माणसं. एमआयसी युनिटवरचा क्रू 12 वरून 6 वर आला होता, मेंटेनन्सचा 6 वरून 2 वर, रात्रीच्या शिफ्टचा मेंटेनन्स सुपरवायझर काढून टाकला होता. हे सगळं खर्च कमी करायला केलं आणि हा प्लांटमधला बदल आहे असं कोणाला वाटलंच नाही, कारण पाइप कुठे कापला नव्हता ना.

आजही नेमकं हेच होतं साहेब, आणि माझं मुख्य म्हणणं इथेच आहे. मी एक केस सांगतो, प्लांट कुठला ते सांगत नाही. बॅच रिॲक्टर, रिॲक्शन गरम होणारी, वरून थेंब थेंब कच्च्या मालाचा फीड चालू असतो आणि रिॲक्टरच्या बाहेरच्या जॅकेटला थंड करणारं कूलिंग वॉटर. आधी शिफ्टला दोन ऑपरेटर होते, एक रिॲक्टरवर, एक युटिलिटीला म्हणजे कूलिंग वॉटर, पंप वगैरे बघायला. मग एक कमी केला, ऑफिसमध्ये हिशोब झाला की युटिलिटीला तसं फारसं काम नसतं, एकच माणूस दोन्हीकडे बघेल. नेहमीच्या दिवशी खरंच बघतो तो, म्हणून कोणाला चूक दिसत नाही. पण रात्री अडीचला कूलिंग पंप ट्रिप झाला, म्हणजे अचानक बंद पडला, तर काय होतं ते मिनिटामिनिटाने मांडा. आधी त्याला कळलं पाहिजे, तो खाली कूलिंग टॉवरजवळ असेल तर रिॲक्टरचा अलार्म त्याला ऐकूच येत नाही. कळलं तरी आधी फीड बंद करायला वर धावायचं की स्टँडबाय पंप चालू करायला खालीच थांबायचं? इंचार्जला फोन कोण करणार? फीड बंद व्हायला जेवढा वेळ जातो तेवढं न रिॲक्ट झालेलं मटेरियल आत साठत जातं, आणि मग टेंपरेचर चढायला लागलं की त्याला थांबवणं हातात राहत नाही.

म्हणून माणसं कमी करायचा रिव्ह्यू डोकी मोजून होत नाही. सगळ्यात वाईट दोन-तीन प्रसंग घ्यायचे आणि रात्रपाळीच्याच ऑपरेटरला सोबत घेऊन प्लांटमध्ये चालत जाऊन घड्याळ लावायचं, कळायला किती वेळ, समजायला किती, व्हॉल्व्हपर्यंत पोचायला किती, आणि त्या वेळात रिॲक्टर किती वर जातो. वेळ पुरत नसेल तर एकतर माणूस परत द्या नाहीतर पंप ट्रिप झाला की फीडचा व्हॉल्व्ह आपोआप बंद होईल असा इंटरलॉक बसवा, आणि तो बसून टेस्ट होईपर्यंत दुसरा माणूस काढू नका. त्या प्लांटला माणूस आधी काढला आणि इंटरलॉकची ऑर्डर नंतर गेली. सुदैवाने मधल्या काळात पंप ट्रिप झाला नाही.

कायद्यात काहीच नाही असं मी म्हणत नाही. घातक रसायनांच्या 1989 च्या नियमांत सेफ्टी रिपोर्टची तरतूद आहे, आणि त्या रिपोर्टवर ठोस परिणाम करणारा बदल करायचा असेल तर 90 दिवस आधी नवा रिपोर्ट द्यायचा असंही आहे. पण हे त्यांनाच लागू ज्यांच्याकडे ठरलेल्या मर्यादेच्या वर साठा आहे. डोंबिवली, तारापूर, महाड, लोटे, कुरकुंभ इथली कितीतरी छोटी युनिटं त्या मर्यादेच्या खाली बसतात, आणि रेसिपी सगळ्यात जास्त वेळा तिथेच बदलते कारण आज एका कस्टमरचं प्रॉडक्ट, पुढच्या महिन्यात दुसऱ्याचं. शिवाय बदल ठोस आहे की नाही हे आधी कारखानाच ठरवतो आणि शिफ्टला माणसं कमी केली तर कळवा असं त्यात थेट म्हटलेलं नाही.

तेव्हा मागणी अशी आहे. घातक केमिकल वापरणाऱ्या प्रत्येक युनिटला, साठा कितीही असो, बदलांचं रजिस्टर सक्तीचं करा. छोट्या युनिटला जाडजूड सिस्टिम नको, एका बदलाला एक पान पुरे, काय बदलतोय, का, त्याने दुसरं काय बिघडू शकतं, कुठला अलार्म, ड्रॉइंग किंवा काम करायची लेखी पद्धत म्हणजे एसओपी बदलावी लागेल, कोणाला शिकवलं आणि सही कोणाची. तात्पुरता बदल असेल तर संपायची तारीख लिहिलीच पाहिजे, आणि तारीख उलटली तर तो बदल काढा किंवा नव्याने रिव्ह्यू करा, कारण तात्पुरता होज आणि तात्पुरता क्लॅम्प वर्षानुवर्षं तिथेच राहतो हे प्लांटमधल्या कोणालाही विचारा. शिफ्टची माणसं कमी करणं, दोन पोस्ट एकत्र करणं, अनुभवी ऑपरेटरच्या जागी कॉन्ट्रॅक्टचा नवीन माणूस लावणं हे त्याच रजिस्टरमध्ये आलं पाहिजे, एचआरच्या फाइलमध्ये नाही.

आणि इन्स्पेक्टरना सांगा की रजिस्टर टेबलावर बघून सही करू नका. पाइपिंगचं ड्रॉइंग हातात घेऊन एक लाइन पायी फिरा, ड्रॉइंगमध्ये नसलेला व्हॉल्व्ह किंवा होज दिसला की त्याचं पान मागा. बायपास केलेल्या अलार्मची यादी मागा. मागच्या महिन्यातल्या एका रात्रपाळीची हजेरी मागा आणि एसओपीमध्ये लिहिलेल्या माणसांशी जुळवून बघा. एवढ्याला अर्धा दिवस लागतो. हे रजिस्टर बघायचा अधिकार सेफ्टी कमिटीतल्या कामगार प्रतिनिधीलाही द्या, कारण माणूस कमी झाला की दुसऱ्या दिवसापासून ते काम कोणाच्या अंगावर येतं हे त्याला सगळ्यात आधी कळतं.

आपला,
कोकणातल्या एका केमिकल प्लांटचा शिफ्ट इंचार्ज